सही नसलेली प्रश्नावली

परिचारिका प्रशिक्षण केंद्रात ताईंपासून काही लपून राहत नसे. कुठल्या मुलीचं घरी बिनसलंय, कुणाला रक्त बघून अजून भोवळ येते, कुणाचं पत्र बरेच दिवस आलेलं नाही, सगळं त्यांना ठाऊक. हजेरी घेता घेता, मान वर न करताच त्या विचारायच्या, "आवाज का बसलाय ग तुझा?" आणि ती मुलगी तास संपल्यावर गुपचूप त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहायची.

बारा वर्षं वॉर्डात ड्युटी केल्यावर त्या शिकवायला आल्या होत्या. जरा ठेंगण्या, चालणं भरभर, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, पण बायकोला चष्मा डोळ्यांवर घालायला लावणं त्याला कधी जमलं नाही. खरं नाव हजेरीपटावर आणि पगारपत्रकात. एरवी शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच.

त्यांचं शिकवणं पुस्तकी नव्हतं. इंजेक्शन द्यायला शिकवताना त्या सांगायच्या, मागच्या वर्षी एका मुलीचा हात कसा थरथरत होता, कारण तिच्या वडिलांना नुकतंच दवाखान्यात ठेवलं होतं, आणि तरी तिने श्वास रोखून सुई नेमकी कशी टोचली. वर्ग कान टवकारून ऐकायचा. असे किस्से त्यांच्याकडे पोत्याने होते आणि एकही परका नव्हता. सगळे आपल्याच मुलींचे.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. या वयात कशाला डोक्याला ताप, असं दोन-चार जणींनी विचारलं. पण सासूबाई म्हणाल्या, घाल नाव, घरात निदान एक तरी जण अभ्यास करताना दिसेल. नातीचा तर काही भरवसा नाही. शेवटच्या वर्षी एक छोटं संशोधन करायचं होतं. ताईंनी विषय निवडला : वॉर्डात मुलींना जे शिकवलं जातं, त्याबद्दल मुलींचं मत काय. त्यासाठी एक प्रश्नावली करायची, की झालं. त्यांना वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ.

पहिली प्रश्नावली त्यांनी दोन संध्याकाळींत लिहून काढली. चांगले चाळीस-एक प्रश्न. तपासून बघायला म्हणून सासूबाईंना समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न वाचला, "शिक्षिका आपुलकीने शिकवतात, असे तुम्हाला वाटते ना?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "वाटतं बाई. तू एवढ्या प्रेमाने विचारतेस, तर 'नाही वाटत' म्हणायला जीभ कशी रेटेल?"

ताई हसल्या आणि पुढे गेल्या. त्यांना ते कौतुकच वाटलं.

त्यांच्या मार्गदर्शक बाई वयाने त्यांच्याहून लहान, पण बोलायला मोजक्या. प्रश्नावली हातात घेऊन त्यांनी पेन्सिल काढली आणि सावकाश खुणा करत गेल्या. 'ना' हे अक्षर जिथे जिथे होतं तिथे खोडलं. 'शिक्षिका स्पष्ट बोलतात व वेळेवर येतात' या वाक्याचे दोन तुकडे केले. एखादी स्पष्ट बोलत असेल आणि उशिरा येत असेल, तर मुलीने खूण करायची कुठे? 'नेहमी' आणि 'कधीच नाही' यांच्यामध्ये नुसतं 'बऱ्याचदा' होतं, तिथे 'कधीकधी' घातलं. 'मला हे लागू नाही' असा एक रकाना वाढवला, कारण सगळ्याच मुलींची ड्युटी सगळ्या वॉर्डांत लागलेली नसते. मग प्रत्येक प्रश्नापुढे विचारलं, याचं उत्तर मिळालं तर तुम्ही त्याचं काय करणार? ज्याला ताईंकडे उत्तर नव्हतं तो प्रश्न गेला. चाळिसातले अठरा उरले.

शेवटी बाईंनी कागद उलटा केला. वर ताईंनी ठळक लिहिलं होतं, 'आपली माहिती संपूर्ण गुप्त ठेवली जाईल.' आणि सगळ्यात खाली, संमती म्हणून, नाव आणि सहीची जागा.

"वर म्हणताय कुणाला कळणार नाही," बाई म्हणाल्या, "आणि खाली सही मागताय."

ताईंना हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. नाव नसलेल्या प्रश्नावलीला सही नको. आधी एक माहितीपत्रक द्यायचं, मुलींनी ते घरी न्यायचं. प्रश्नावलीच्या वरच्या बाजूला एक चौकोन ठेवायचा : मी हे वाचलं आहे, मी अठरा वर्षांपुढची आहे, मी माझ्या मर्जीने भाग घेते. त्यात खूण केली की संमती झाली. वाटेत कुठेही थांबता येतं, एखादा प्रश्न सोडता येतो, हेही लिहायचं. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची : कागद एकदा पेटीत पडला की परत मागता येणार नाही, कारण कुठला कागद कुणाचा हे आपल्यालाच ठाऊक नसेल.

ताई भारावून घरी आल्या आणि त्याच उत्साहात त्यांच्या हातून घोळ झाला. सुधारलेली प्रश्नावली चालते का ते बघू, म्हणून दुसऱ्याच दिवशी तास संपल्यावर त्यांनी ती दहा-बारा मुलींना वाटली. "मोकळेपणी लिहा ग," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या.

पाच मिनिटांत कागद परत. सगळ्या खुणा 'नेहमी'वर. एका मुलीने तर खाली फूल काढलं होतं. दुसरीने विचारलं, याचे अंतर्गत गुणांत किती धरणार?

फक्त एका कागदावर वयाचा रकाना रिकामा होता. ती मुलगी नव्हतीच खरं तर. अडतिसाव्या वर्षी शिकायला आलेली, दोन लेकरांची आई, अख्खी बॅच तिला काकू म्हणायची. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. "ताई, रागावू नका. बाकी सगळ्या विशीतल्या. मी वयापुढे खूण केली की नाव लिहिल्यासारखंच की हो."

ताईंनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. मार्गदर्शक बाईंना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. चाचणीलासुद्धा नैतिकता समितीची परवानगी लागते, ती यायच्या आत मुलींकडून एक अक्षरही घ्यायचं नव्हतं. ते कागद अभ्यासात येणार नाहीत, फाडून टाका आणि मुलींना तसं सांगा. वय, जात, गाव, वसतिगृह, यांतलं काहीएक विचारू नका; तुमच्या अभ्यासाला ते लागत नाही. फक्त कितवं वर्ष तेवढं पुरे.

"आणि ताई, तुम्ही समोर बसलात," बाई म्हणाल्या. "त्या मुलींना तुमच्या हातून पास व्हायचंय. तुम्ही कितीही मायेने विचारलंत, तरी ते विचारणं नाही, हुकूमच."

हे वाक्य ताईंना लागलं. हुकूम हा शब्द त्यांच्या नावापुढे आजवर कुणी लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात त्या मुलींची माफी मागितली, त्यांच्यासमोर कागद फाडले आणि सांगितलं की पुढे कधी प्रश्नावली आली, तर ती माझ्या हातून येणार नाही.

समितीपुढे जायच्या दिवशी त्यांनी चष्मा चक्क डोळ्यांवर घातला होता. लांबट टेबलापलीकडे चौघं जण बसले होते, त्यांत एक बाहेरचे वकील. ताईंनी योजना सांगितली. अंतर्गत गुण वर पाठवून झाल्यावरच प्रश्नावली वाटायची. वाटणार ग्रंथपाल; ते कुणाला शिकवत नाहीत, गुण देत नाहीत. ताई त्या वेळी इमारतीतही नसतील. प्रश्नावली प्रत्येकीला मिळेल आणि प्रत्येक जण काहीतरी पेटीत टाकेल. जिला भरायची नाही तिने कोरी टाकायची. म्हणजे कुणी नाही म्हटलं, हे शेजारणीलाही कळणार नाही. कुठल्याही शिक्षिकेचं नाव विचारायचं नाही. पेटी ग्रंथपाल थेट मार्गदर्शक बाईंकडे पोचवतील.

"तुम्ही स्वतः का नाही उघडणार?" वकिलांनी विचारलं.

"मी या मुलींच्या वह्या रोज तपासते," ताई म्हणाल्या. "मला प्रत्येकीचं अक्षर ओळखू येतं. न ओळखायचं ठरवलं तरी डोळे ऐकायचे नाहीत."

म्हणून ठरलं होतं असं, की शेवटच्या खुल्या प्रश्नाला मुलींनी हाताने लिहिलेली उत्तरं विद्यापीठातली एक टंकलेखिका टाइप करेल. ती या केंद्रातल्या कुणालाच ओळखत नव्हती, आणि गुप्तता पाळण्याची तिची लेखी हमीही अर्जाला जोडली होती. नावं आली तर ती काढून टाकेल. ताईंच्या हाती फक्त टाइप केलेला मजकूर येईल. मूळ कागद बाईंच्या कुलपात, निकालानंतर ठराविक मुदतीने नष्ट.

वकिलांनी आणखी एकच विचारलं. एखादीने लिहिलं की वॉर्डात एका रुग्णाला इजा झाली आणि ती दडपली गेली, तर?

गुप्त म्हणजे गुप्त, असं ताई इतके दिवस घोकत होत्या. पण आता त्यांच्यातली वॉर्डातली नर्स बोलली. "मग गप्प बसता येणार नाही."

"तर तेही माहितीपत्रकात आधीच लिहा. वचन द्याल तेवढंच द्या."

ती ओळ घातल्यावर परवानगी आली. प्राचार्यांचीही लेखी परवानगी लागणार होती. प्राचार्य, म्हणजे मोठ्या मॅडम, शिकत असताना ताईंच्या खोलीत राहायच्या. दोघी एका कपात चहा प्यायलेल्या. त्यांनी कागद वाचलाही नाही, सही केली.

प्रश्नावलीच्या दिवशी ताईंना काय करावं ते सुचेना. इमारतीत थांबायचं नाही, म्हणून त्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. तिथे त्यांनी एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवता दाखवता त्याच्या घरची सगळी चौकशी केली. नवऱ्याने अखेर हात जोडले, "अगं, त्यांना वाचायचा चष्मा हवाय." तिकडे ग्रंथपालांनी माहितीपत्रक वाचून दाखवलं, पेटी दाराशी ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले. साठेक मुलींपैकी सहा-सात कागद कोरे आले. ते ऐकून बाईंना बरं वाटलं. म्हणाल्या, नाही म्हणता आलं म्हणजे ज्यांनी हो म्हटलं तेही खरं असावं.

महिन्याने टाइप केलेला मजकूर ताईंच्या हाती आला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी तो वाचायला घेतला. वॉर्डात रुग्णासमोर ओरडू नये. एकदा दाखवून लगेच करायला लावू नये. शंका विचारली की 'एवढंही येत नाही का' म्हणू नये. ताई मान डोलवत होत्या, समासात खुणा करत होत्या. मग हे आलं :

'एक शिक्षिका आमच्यावर खूप माया करतात. पण आम्ही विश्वासाने एकांतात सांगितलेलं त्या पुढच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगतात. नाव घेत नाहीत, तरी सगळ्यांना कळतं. पेशंटचं त्या कधी कुणाला सांगत नाहीत. आमचंच सांगतात. म्हणून मी आता त्यांना काही सांगत नाही. त्यांना वाटतं मी बरी आहे.'

टंकलेखिकेने नाव काढलं होतं. काढून काय उपयोग होता? ताईंनी कागद पालथा घातला. सासूबाईंनी विचारलं, काय झालं ग, तर त्या म्हणाल्या, काही नाही, डोळे दुखतायत.

त्यांना राग आला नाही, निदान त्या तसं म्हणाल्या. पण पुढचे काही दिवस त्या वर्गात शिरल्या की नजर चेहऱ्यांवरून फिरत राहायची. 'त्यांना वाटतं मी बरी आहे.' कोण बरी नाही? मागच्या बाकावरची, जी हल्ली हसून लगेच खाली बघते? की काकू? की ती थरथरत्या हाताची? तिचे वडील गेले, ते ताईंना महिन्याने दुसरीकडूनच कळलं होतं. जिच्याशी बोलायला जावं तिच्यावरच संशय. एका मुलीला त्यांनी सहज विचारलं, कशी आहेस, आणि त्यांच्या आवाजातली काळजी ऐकून ती घाबरूनच गेली.

मोठ्या मॅडमच्या नजरेतून हे सुटलं नाही. एक दिवस त्यांनी ताईंना खोलीत बोलावून दार लोटलं. प्रश्नावलीत काहीतरी लिहिलंय तुझ्याबद्दल, म्हणाल्या, तोंडावरून दिसतंय.

"मूळ कागद मागवून घे. मी बघते. एक मिनिटात सांगेन कुणी लिहिलंय ते."

"नाही मागवता येणार."

"अगं, मीच सही केलीय परवानगीवर."

"विचारायची परवानगी दिलीस तू," ताई म्हणाल्या. "बघायची कुणालाच नाही. मलाही नाही."

मॅडम जरा दुखावल्या. त्या ताईंचं भलंच बघत होत्या. म्हणाल्या, मी काय त्या मुलीला खाणार आहे? तिला बोलावून समजावलं असतं, रडली असती, तुझ्या गळ्यात पडली असती, मिटलं असतं. ताईंनाही अगदी तेच हवं होतं. इतकं हवं होतं, की त्या खुर्चीवरून उठल्याच. "तेच तर," त्या दारातून म्हणाल्या. "मी तिला परत बोलकी करीन आणि पुढच्या वर्षी तेही वर्गात सांगेन. माझा काय भरवसा?"

मॅडम हसल्या, आणि विषय तिथेच राहिला.

मार्गदर्शक बाईंकडे मात्र ताईंनी मन मोकळं केलं. विचारलं, एक मुलगी दुःखात आहे आणि मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही, ही कसली गोपनीयता? बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, तिने तुम्हाला काय हवंय ते लिहिलंय. कोण आहे ते लिहिलेलं नाही. जेवढं दिलंय तेवढं घ्या. आणि दुःखाचं म्हणाल, तर मुलींना जिथे बोलता येईल अशा जागेची माहिती सगळ्यांनाच द्या, कुणा एकीला शोधून नाही.

म्हणून ताईंनी तसं केलं. रुग्णालयात एक समुपदेशक बसायच्या, ज्यांचा गुणांशी संबंध नव्हता. त्यांची वेळ आणि खोली त्यांनी प्रत्येक वर्गात सांगितली आणि फलकावर लावली.

प्रबंध लिहिताना ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं घेतलं नाही. केंद्र लहान, वाचणारे ओळखीचे. शब्दांवरूनही माणूस सापडतो. त्यांनी आशय आपल्या शब्दांत लिहिला. माहितीपत्रकात मुलींना निष्कर्ष सांगायचं वचन होतं, म्हणून निकालाआधी त्यांनी दोन्ही वर्षांच्या मुलींना सभागृहात बोलावलं. बाकीचे मुद्दे सांगून झाल्यावर त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

"खाजगीत सांगितलेलं शिक्षिकांनी वर्गात सांगू नये, असंही म्हणणं आलंय," त्या म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं ते मला माहीत नाही, मी शोधणारही नाही. पण हे माझ्याकडून झालंय. एकदा नाही, कितीदा तरी. मला वाटायचं, मी कौतुकच करते. यापुढे नाही होणार."

ताईंना वाटलं होतं कुणाचे तरी डोळे भरतील, कुणीतरी मान खाली घालेल, आणि आपल्याला नको असतानाही कळून जाईल. तसं काहीच झालं नाही. सगळ्या सारख्याच गंभीर बसल्या होत्या. बाहेर पडताना काकू म्हणाली, ताई, समुपदेशक बाईंची खोली नेमकी कुठल्या मजल्यावर हो? आणि तिच्यामागे उभ्या चौघीजणी उत्तर ऐकायला थांबल्या.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, एकाच केंद्रावरून तुम्ही सगळ्यांबद्दल बोलू शकता का? ताई म्हणाल्या, नाही, एवढ्याच केंद्राबद्दल बोलू शकते. त्यांना बरे गुण मिळाले, फार नाही. घरी नवऱ्याने पेढ्यांऐवजी नवी फ्रेम दिली.

शिकवणं पुढचे काही महिने फार अवघड गेलं. किश्शांचं पोतं बंद करून ठेवल्यावर हातात नुसती सिरिंज उरली. मधेच त्या थांबायच्या, तोंडाशी आलेलं गिळायच्या, आणि मुली ताटकळत बघत राहायच्या. मग त्यांनी मुलींऐवजी आपलं स्वतःचं सांगायला सुरुवात केली. पहिल्या ड्युटीत त्यांनी एका मधुमेही आजोबांना चुकून दुसऱ्याचाच दूध-साखरेचा चहा दिला होता आणि मुख्य नर्स त्यांना कशी बोलली. हे किस्से फारसे रंगायचे नाहीत, पण ते त्यांचे होते.

दुसऱ्या कुणाचं सांगायचंच झालं, तर त्या आधी विचारायला लागल्या. परवाचीच गोष्ट. पहिल्या वर्षाची एक मुलगी ड्रेसिंग करताना घाबरून रुग्णाचीच माफी मागत बसली होती, आणि त्या रुग्णानेच तिला धीर दिला होता. ताईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. विचारलं, हे वर्गात सांगितलं तर चालेल का तुला? नाव न घेता.

मुलीने जरा विचार केला आणि नको म्हणाली.

"बरं," ताई म्हणाल्या. त्या वर्गाकडे निघाल्या, आणि त्या तासाला त्यांनी ड्रेसिंग पुस्तकात आहे तसंच शिकवलं.